डॉलर-रुपयाचा कँडल चार्ट पहिल्यांदा वाचताना

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात नवीन मुलगा लागला. मस्जिद बंदरला बदाम, खजूर आयात करणाऱ्या पेढीत मी हिशेबाचं काम पाहते. दुसऱ्याच दिवशी माझ्या स्क्रीनकडे बघत त्याने विचारलं, "ताई, सकाळी बातमीत रुपया घसरला म्हणाले, मग तुमची कँडल हिरवी कशी?" प्रश्न अगदी योग्य होता आणि चार्ट शिकायची सुरुवातही तिथूनच करावी लागते. त्याला जे आठवडाभर टप्प्याटप्प्याने शिकवलं, तेच इथे लिहिते आहे. उदाहरण डॉलर-रुपयाचंच घेते, कारण मुंबईत बहुतेकांचा संबंध याच जोडीशी येतो. कुणाला परदेशी माल आणायचा असतो, कुणाला मुलीची परदेशातली फी भरायची असते.

आधी जोडी कुठल्या बाजूने वाचायची ते

स्क्रीनवर USD/INR लिहिलेलं असतं. पहिलं नाव ज्याचं, ती वस्तू, आणि दुसरं नाव ज्याचं, त्यात तिची किंमत. म्हणजे एक डॉलर हा एक किलो बदाम समजा आणि समोरचा आकडा हा त्याचा रुपयातला भाव. 86.45 दिसलं, तर एका डॉलरला 86 रुपये 45 पैसे. चार्ट वर गेला की डॉलर महागला, म्हणजेच रुपया घसरला. बातमी रुपयाच्या बाजूने बोलते आणि चार्ट डॉलरच्या बाजूने, म्हणून बातमीत घसरण आणि स्क्रीनवर हिरवा रंग एकाच वेळी दिसतात. आयात करणाऱ्याला हिरवी कँडल ही वाईट बातमी असते. पहिले काही दिवस चार्टच्या वरच्या कडेला "डॉलर महाग" आणि खालच्या कडेला "डॉलर स्वस्त" अशी चिठ्ठी चिकटवून ठेवा. आमच्या मुलाच्या स्क्रीनवर ती अजून आहे.

एक कँडल, चार आकडे

आता एकच कँडल घ्या. एक दिवसाची, म्हणजे चार्टवर कालावधीच्या जागी 1D निवडलेलं. कँडलवर बोट ठेवलं की वर चार अक्षरं आणि त्यांच्यापुढे चार आकडे दिसतात. सरावासाठी मी हे आकडे घेते:

O 86.20, H 86.58, L 86.12, C 86.45

O म्हणजे दिवस सुरू झाला तो भाव, H दिवसातला सर्वांत वरचा, L सर्वांत खालचा आणि C दिवस संपला तेव्हाचा. आता आलेख-कागद घ्या. एक छोटा चौकोन म्हणजे एक पैसा धरा. 86.20 ते 86.45 एवढा जाडसर खांब काढा. तो पंचवीस चौकोनांचा होईल. हे कँडलचं धड. त्याच्या वरच्या टोकापासून 86.58 पर्यंत तेरा चौकोनांची बारीक रेघ आणि खालच्या टोकापासून 86.12 पर्यंत आठ चौकोनांची रेघ काढा. या रेघांना बाजारात विक म्हणतात. आपल्याकडे वात हा सरळ शब्द आहे, मी तोच वापरते. बंद भाव सुरुवातीच्या भावाच्या वर असला की धड हिरवं, खाली असला की लाल. रंगांची निवड बदलता येते, म्हणून दुसऱ्या कुणाचा चार्ट पाहताना आधी रंग नीट विचारून घ्या.

हे काम संगणक क्षणात करतो, तरीही दहा कँडल हाताने काढा असं मी आग्रहाने सांगते. पेन्सिलीने वात ओढताना लक्षात येतं की भाव त्या जागी गेला होता, पण तिथे टिकला नाही. धड सांगतं की दिवसाअखेर कोण जिंकलं. वात सांगते की मधे कोण कुठपर्यंत गेलं आणि मागे ढकललं गेलं. आपल्या कँडलमध्ये डॉलर 86.58 ला पोचला, पण दिवस संपताना 86.45 वर होता. वरचे तेरा पैसे विकणाऱ्यांनी परत घेतले.

कँडल काय सांगत नाही, हेही इथेच कळलं पाहिजे. आधी वरचा भाव आला की आधी खालचा, हे या चार आकड्यांत कुठेच नाही. डॉलर सकाळी 86.12 ला जाऊन दुपारी 86.58 ला चढला असेल. किंवा सकाळीच 86.58 ला चढून दुपारी 86.12 ला आला आणि शेवटी सावरला असेल. कँडल दोन्ही दिवसांची हुबेहूब सारखी दिसेल. तसा प्रश्न पडला की कालावधी 1D वरून 15m करा. तीच कँडल पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत उलगडते. पण नवशिक्याने तिथे रमू नये. पंधरा मिनिटांच्या चार्टवर दर तासाला काहीतरी घडल्यासारखं वाटतं आणि दिवसाच्या चार्टवर त्यातलं बहुतेक एका धडात मावून जातं.

सपोर्ट आणि रेझिस्टन्स

एका कँडलला फारसा अर्थ नसतो. ती कुठल्या भावाशी उभी आहे, यावर तिचा अर्थ ठरतो.

आमच्यासारख्या आयातदाराला ठरलेल्या तारखेपर्यंत डॉलर घ्यायचेच असतात. बँकेला आम्ही सांगून ठेवतो की 86.20 च्या आसपास आला तर घ्या. असं सांगणारे आम्ही एकटे नसतो. भाव खाली आला की असे सगळे खरेदीदार एकदम पुढे येतात आणि घसरण थांबते. तो झाला सपोर्ट. उलट बाजूला ज्यांना डॉलर मिळतात ते असतात. अंधेरीच्या सीप्झमधली सॉफ्टवेअरची कंपनी किंवा बीकेसीच्या हिरे बाजारातला निर्यातदार 87 ला विकायचं ठरवून बसलेला असतो. भाव तिथे पोचला की विक्री सुरू होते आणि चढण थांबते. तो रेझिस्टन्स. गोल आकड्यांजवळ या गोष्टी जास्त घडतात, कारण माणसं ऑर्डर देताना 86.97 सांगत नाहीत, 87 सांगतात. आणि डॉलर-रुपयात या दोघांखेरीज तिसरा एक फार मोठा खेळाडू आहे. त्याच्याकडे पुढे येते.

रेषा आखायची पद्धत अशी. दिवसाचा चार्ट उघडा आणि साधारण सहा महिने एका नजरेत येतील एवढा आक्रसून घ्या. भाव वर जाऊन वळला त्या जागा आणि खाली येऊन वळला त्या जागा शोधा. एकदाच वळला असेल तर ती जागा सोडून द्या. दोन वेळा वळला असेल तर पेन्सिलीने खूण करा. तीन वेळा, आणि तेही मधे काही आठवड्यांचं अंतर ठेवून वळला असेल, तर ती पातळी धरायला हरकत नाही.

इथे नवशिका हमखास एक चूक करतो. तो एक बारीक रेष ओढतो आणि भाव तिच्या दोन पैसे पलीकडे गेला की पातळी तुटली म्हणतो. मी रेष ओढतच नाही, पट्टा रंगवते. समजा डॉलर तीनदा वरून परतला. एकदा वातीचं टोक 86.96 ला होतं, एकदा 87.00 ला आणि एकदा 86.93 ला. त्याच दिवसांची धडं 86.90 च्या आसपास संपली होती. मग धडं जिथे संपली तिथपासून वातींच्या टोकांपर्यंत, म्हणजे 86.90 ते 87.00, हा दहा पैशांचा पट्टा माझा रेझिस्टन्स. खालीही तसंच करायचं. आपल्या सरावात 86.10 ते 86.20 हा सपोर्ट धरू. पट्टा रंगवताना तो पंचवीस-तीस पैशांचा होऊ लागला, तर समजा की तिथे पातळी नाही, आपण ओढूनताणून बसवतो आहोत.

83 ची गोष्ट

खऱ्या चार्टवर हे कसं दिसतं ते पाहायला 2022 आणि 2023 चा डॉलर-रुपया उघडा. याहून चांगला धडा मला तरी सापडलेला नाही.

19 ऑक्टोबर 2022 ला डॉलरने पहिल्यांदा 83 ओलांडलं. दुसऱ्या दिवशी तो 83.29 पर्यंत गेला, पण दिवस संपेपर्यंत परत 83 च्या खाली आला. त्या दिवसाच्या कँडलवर बोट ठेवा. वरची वात लांबलचक आहे आणि धड 83 च्या खाली संपलं आहे. पुढच्या महिन्यात अमेरिकेतल्या महागाईचा आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला आणि डॉलर 80 च्या घरात उतरला. मग तो पुन्हा चढला. डिसेंबर 2022, फेब्रुवारी 2023, मे 2023, प्रत्येक वेळी 83 च्या उंबरठ्यापर्यंत आला आणि परतला. 83 ते 83.29 हा पट्टा आता कुणालाही डोळे किलकिले न करता दिसेल. ऑगस्ट 2023 मध्ये भाव पट्ट्याच्या आत शिरला, पण 83.29 चं जुनं टोक पार व्हायला नोव्हेंबर उजाडला.

हे महिने जवळून पाहिले की एक गोष्ट खटकली पाहिजे. सप्टेंबर-ऑक्टोबर 2023 च्या कँडल अगदी बारक्या आहेत, काही काही तर काडीएवढ्या. मी मघाशी म्हटलेला तिसरा खेळाडू इथे दिसतो. तो म्हणजे रिझर्व्ह बँक. आपण कुठलीही ठरावीक पातळी राखत नाही, फक्त जास्तीची उलथापालथ आवरतो, असं ती सांगत आली आहे. पण ती बाजारात डॉलर विकते आणि घेतेही, आणि भाव वर जाऊ लागला की तिच्या विक्रीने वाती तोकड्या होतात. म्हणून डॉलर-रुपयाचा चार्ट युरो-डॉलरसारखा वाचू नये. बारीक बारीक कँडलची रांग दिसली म्हणून बाजार शांत आहे असं धरू नका. कुणीतरी दार धरून उभं असण्याची शक्यता जास्त असते आणि दार सोडलं की चाल एकदम येते.

पातळी तुटली की छत जमीन बनतं, म्हणजे जुना रेझिस्टन्स पुढे सपोर्ट होतो, असं शिकवतात. पुष्कळदा तसं होतं. पण 83 च्या बाबतीत 2024 च्या सुरुवातीला डॉलर पुन्हा 83 च्या खाली आला आणि काही आठवडे तिथेच राहिला. मग मार्चच्या उत्तरार्धात एकदम वर गेला. ज्याने 83 ला जमीन मानून डोळे मिटले, त्याची फसगत झाली. म्हणून पातळी तुटली असं मी दिवसाच्या बंद भावावरूनच ठरवते, वातीवरून कधीच नाही. आणि त्यानंतरही भाव पट्ट्याकडे परत येतो का आणि आला तर तिथून उचलला जातो का, याची दोन-तीन दिवस वाट बघते.

चार्टच चुकीचा असला तर

दोन वर्षांपूर्वी मी एका फुकटच्या चार्टवर पट्टा आखला होता. सपोर्टच्या खाली एक लांब वात होती. भाव तिथपर्यंत जाऊन आला आहे, म्हणजे पुन्हा येईल, असं धरून मी मालकांना पेमेंट चार दिवस थांबवायला सांगितलं. भाव तिथे आला नाही, वरच गेला, आणि तो फरक पेढीला सोसावा लागला. नंतर बँकेतल्या माणसाने त्याच दिवसाचे आकडे दाखवले, त्यात ती वात नव्हतीच.

कारण साधं आहे. मुंबईत बँकांचा आपसातला डॉलर बाजार सकाळी 9 ते दुपारी 3:30 चालतो. काही चार्ट मात्र चोवीस तासांचे भाव जोडतात. आपल्या मध्यरात्री कुणी व्यवहार करत नसताना एखादा विचित्र भाव येतो आणि वात बनून कायमचा चार्टवर बसतो. म्हणून मोठी, एकटी वात दिसली की दुसऱ्या ठिकाणचा चार्ट उघडून तीच तारीख पाहा. दोन्हीकडे नसेल तर तिला हिशेबात धरू नका.

दुसरी गल्लत फ्युचर्सची. फ्युचर्स म्हणजे पुढच्या ठरावीक तारखेला डॉलर घेण्या-देण्याचे करार. एनएसईवर डॉलर-रुपयाचे फ्युचर्स 2008 पासून आहेत, सकाळी 9 ते संध्याकाळी 5. त्यांचा चार्ट बँकांच्या रोख भावापेक्षा बहुधा काही पैसे वर असतो, कारण रुपयावरचं व्याज डॉलरवरच्या व्याजापेक्षा सहसा जास्त असतं आणि तो फरक पुढच्या तारखेच्या भावात मिसळतो. महिना संपून नवीन करार चार्टवर आला की भाव उडी मारल्यासारखा दिसतो. ती उडी बाजाराची नसते. रोख भावावर आखलेला पट्टा फ्युचर्सच्या चार्टवर उचलून ठेवू नका. तिथे पाहायचं असेल तर तिथे वेगळा आखा.

फ्युचर्सचा विषय निघाला आहे तर हेही स्पष्ट सांगते. रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की एक्स्चेंजवर रुपयाच्या जोडीचा सौदा करणाऱ्याकडे खरोखरचा परकीय चलनाचा व्यवहार, देणं किंवा येणं, असलं पाहिजे. ठरावीक मर्यादेपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, पण व्यवहार असावाच लागतो. मे 2024 पासून याची अंमलबजावणी सुरू झाली आणि नुसत्या अंदाजावर खेळणारे बाहेर पडले. परदेशातली जी ॲप्स मोबाइलवर युरो-डॉलर खेळायला बोलावतात, त्यांतली अनेक रिझर्व्ह बँकेच्या सावधानतेच्या यादीत आहेत. ती यादी बँकेच्या वेबसाइटवर कुणालाही पाहता येते. अशा ॲपमध्ये पैसे भरणारा स्वतः परकीय चलनाच्या फेमा कायद्याखाली अडकू शकतो. चार्ट वाचायला शिकवणारा माणूस लगेच ॲपची लिंक पाठवू लागला, तर त्याच्याकडून शिकू नका.

एक पेमेंट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आता सगळं एकत्र लावू. आकडे सरावाचेच आहेत. बदामाचं 40,000 डॉलरचं बिल आहे आणि भरायला बारा दिवस आहेत. सपोर्ट 86.10 ते 86.20, रेझिस्टन्स 86.90 ते 87.00.

सकाळी कालची कँडल पाहिली: O 86.30, H 86.38, L 86.11, C 86.34. धड फक्त चार पैशांचं, वरची वात चार पैशांची, खालची एकोणीस पैशांची. नुसती पाहिली तर काहीच बोलत नाही. पण तिची खालची वात थेट सपोर्टच्या पट्ट्यात शिरून बाहेर आली आहे. डॉलर 86.11 ला गेला तेव्हा घेणारे तिथे होते, हे तिच्यावरून कळलं. हीच कँडल 86.60 च्या आसपास, दोन्ही पट्ट्यांच्या मधे आली असती, तर मी तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंही नसतं.

मग हिशेब. 86.34 पासून रेझिस्टन्सची खालची कड 56 पैसे दूर आहे. भाव तिथे गेला तर 40,000 डॉलरवर 22,400 रुपये जास्त जातील. सपोर्टची खालची कड 24 पैसे दूर आहे. तिथे पोचला तर 9,600 रुपये वाचतील. वाट पाहून जे मिळेल त्याच्या दुपटीहून जास्त जाण्याचा धोका आहे आणि सपोर्टने नुकतंच धरून दाखवलं आहे. म्हणून मी मालकांना अर्धे डॉलर आजच घ्या म्हणेन. राहिलेल्या वीस हजारांसाठी दोन गोष्टी वहीत लिहीन. दिवसाचा बंद भाव 86.10 च्या खाली गेला तर सपोर्ट तुटला, मग घाई करायची नाही, खालचा पुढचा पट्टा शोधायचा. बंद भाव 86.60 च्या वर गेला तर उरलेलेही घेऊन टाकायचे. दोन्हीपैकी काहीच झालं नाही, तर देय तारखेच्या तीन दिवस आधी जो भाव असेल तो. हे आधी लिहून ठेवलं नाही, तर भाव हलताना माणूस दर तासाला मत बदलतो. आमच्या मुलाने पहिल्या आठवड्यात ते करून पाहिलं.

आणि बँकेला फोन केला की ती 86.34 सांगणार नाही. चार्टवरचा भाव बँकांच्या आपसातला असतो. आपल्याला मिळतो तो टीटी विक्रीचा दर, म्हणजे परदेशात पैसे पाठवायला बँक आपल्याला डॉलर विकते तो भाव. त्यात बँकेचं मार्जिन मिळवलेलं असतं. चार्टवरचा भाव आणि त्या क्षणी बँकेने सांगितलेला दर, दोन्ही तारखेसह शेजारी शेजारी लिहा. पाच-सहा पेमेंटनंतर आपली बँक किती पैसे लावते ते कळतं, आणि कधी कधी चार्टवर वाचवलेल्या पैशांपेक्षा तो फरकच मोठा निघतो. आमच्या बँकेशी त्यावर बोलताना मी तीच वही समोर ठेवली होती.